दुसऱ्याची बातमी, आपला पाठपुरावा

(वार्ताहरांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या वृत्तपत्राने खास बातमी दिली की त्याच दिवशी इतर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. बातमी महत्त्वाची असते, वाचक तिच्याविषयी विचारणार असतात आणि ती आपल्या अंकात नसणे वृत्तसंपादकाला परवडणारे नसते. परंतु ती शोधून काढलेली असते दुसऱ्याने. अशा वेळी काय घ्यावे, काय घेऊ नये आणि जे घेतले ते कोणाचे म्हणून सांगावे? या प्रश्नाची चर्चा बहुधा सभ्यतेच्या भाषेत होते. वस्तुतः त्याला बराच नेमका निकष आहे आणि तो पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन अमेरिकन वृत्तसंस्थांमध्ये झालेल्या दाव्यातून जितका स्पष्ट झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल.

त्या दाव्याला एक गमतीदार पूर्वपीठिका आहे. 1876 साली चिकागो शहरात मेलव्हिल स्टोन हे ‘डेली न्यूज’ नावाचे नवे दैनिक चालवीत होते. आपल्या बातम्या ‘पोस्ट अँड मेल’ हे प्रतिस्पर्धी पत्र सर्रास उचलते, असा त्यांचा संशय होता. हे पत्र मॅकमुलन बंधूंचे होते. संशय सिद्ध करण्यासाठी स्टोन यांनी सर्बियातील दुष्काळाची एक बनावट बातमी छापली. तीत तेथील एका नगराध्यक्षाच्या तोंडी अगम्य भाषेतील एक वाक्य घालून ‘नगरपालिका मदत करू शकत नाही’ असा त्याचा अर्थही दिला. ‘पोस्ट अँड मेल’ने बातमी त्या वाक्यासह छापली. ते वाक्य सर्बियन भाषेतले नव्हतेच. त्याची अक्षरे शेवटाकडून वाचली असता साध्या इंग्रजीत असा मजकूर निघत होता की, ‘मॅकमुलन हे नक्की चोरणार’. सारे शहर हसले. पुढे दोनच वर्षांत ते पत्र स्टोन यांनीच विकत घेतले.

हेच स्टोन नंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे महाव्यवस्थापक झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत हा दावा उभा राहिला. प्रतिवादी होती इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस ही हर्स्ट यांच्या वृत्तपत्रसमूहाची संस्था. युद्धवार्तांच्या प्रश्नावरून 1916 साली ब्रिटन आणि फ्रान्स यांनी या संस्थेला आपल्या तारयंत्रणेचा वापर करण्यास बंदी केली, त्यामुळे युद्धभूमीवरील बातम्यांचा तिचा स्रोत जवळजवळ आटला. तेव्हा तिने सोपा मार्ग धरला. असोसिएटेड प्रेसची सभासद वृत्तपत्रे पूर्व किनाऱ्यावरील शहरांत सकाळी बाहेर पडत, आणि त्यांच्या कचेऱ्यांबाहेरील फलकांवर ताज्या बातम्या लिहिल्या जात. इंटरनॅशनलची माणसे त्या वाचून, कधी जशाच्या तशा तर कधी शब्द बदलून, आपल्या ग्राहकांना तारेने पाठवीत. न्यूयॉर्क आणि सॅनफ्रान्सिस्को यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर आहे. त्यामुळे पश्चिमेकडील ग्राहकांना ही उसनी बातमी असोसिएटेड प्रेसच्या स्वतःच्या सभासदांबरोबर, प्रसंगी त्यांच्याही आधी, छापता येत असे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1918 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने हे मान्य केले की घडलेली घटना ही कोणाचीच मालमत्ता नव्हे; पण ती गोळा करण्यास पैसा आणि श्रम लागतात, आणि ते न करता प्रतिस्पर्ध्याने पीक कापून न्यावे हे न्याय्य नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. या निकालातील दोन मुद्दे मात्र कायद्यापेक्षा वृत्तपत्रव्यवसायाच्या अधिक कामाचे आहेत.

पहिला मुद्दा प्रतिवादीच्या बचावातून निघाला. इंटरनॅशनलने असे दाखवून दिले की असोसिएटेड प्रेसही तिच्या बातम्या वाचून त्यांवरून काम करीतच होती. न्यायालयाने उत्तर दिले की ही गोष्ट निराळी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बातमीवरून सुगावा घेणे आणि मग स्वतः चौकशी करून, खातरजमा करून आपली बातमी तयार करणे ही व्यवसायातील मान्य रीत होय. दुसऱ्याची बातमी तशीच उचलणे, किंवा स्वतंत्र चौकशी न करता तिचे शब्द बदलून ती पुन्हा लिहिणे, ही उचलेगिरी होय. येथे ‘शब्द बदलून’ हे पद महत्त्वाचे आहे. वाक्यरचना बदलली की दोष गेला, अशी समजूत आजही अनेक उपसंपादकांची असते. एका शतकापूर्वीच्या त्या न्यायाधीशांनी शब्दांकडे न पाहता श्रमाकडे पाहिले.

दुसरा मुद्दा न्यायमूर्ती होम्स यांच्या स्वतंत्र मतातला आहे. बातमीवर मालकी असते हे त्यांना पटले नाही. त्यांचा आक्षेप असत्याला होता. इंटरनॅशनल जेव्हा ती बातमी आपली म्हणून विकते तेव्हा ती आपल्याच प्रतिनिधींनी मिळवली असे न बोलता सांगते, आणि हे खोटे आहे. म्हणून त्यांनी सुचवलेला उपाय असा होता की ठराविक तासांपर्यंत अशी बातमी देण्यास मनाई असावी, मात्र असोसिएटेड प्रेसचा स्पष्ट नामनिर्देश केला तर ती देण्यास हरकत नसावी. श्रेय म्हणजे केवळ सौजन्य नव्हे. माहिती कोठून आली याविषयी वाचकाशी खोटे न बोलणे, हा श्रेयाचा अर्थ या मतात आहे. बहुमताच्या निकालापेक्षा हे मत वृत्तपत्राच्या कचेरीला अधिक उपयोगी पडते, कारण त्यासाठी वकिलाला विचारावे लागत नाही.

हा अमेरिकन निकाल भारतात बंधनकारक नाही. येथे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मांडणीला आणि शब्दयोजनेला मिळते, घटनेला नाही. कल्पना, विषय आणि ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितले. क्रिकेट सामन्यांची धावसंख्या मोबाइल फोनवर पुरवण्यासंबंधीच्या वादात ताज्या वार्तेवर स्वतंत्र हक्क सांगण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा 2013 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो मान्य केला नाही. म्हणजे दुसऱ्याची बातमी स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याला येथे न्यायालयाची भीती थोडीच आहे. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. इतर वृत्तपत्रातील बातमी उचलून ती नंतर आपली म्हणून छापणे तिने अनुचित ठरवले आहे, आणि हे अनौचित्य दूर करायचे तर मूळ स्रोताचा उल्लेख केला पाहिजे असे म्हटले आहे. लेखांच्या बाबतीत तर तिची अपेक्षा याहूनही कडक आहे.

आता हा निकष प्रत्यक्षात कसा लावायचा, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या एका दैनिकाने असे प्रसिद्ध केले की एका गावाच्या नळपाणीपुरवठा योजनेत 12 किलोमीटर जलवाहिनीचे देयक अदा झाले आहे, पण जमिनीत 7 किलोमीटरच वाहिनी आहे. त्या वार्ताहराने मोजमाप पुस्तकातील नोंद पाहिली, ग्रामस्थांबरोबर वाहिनीच्या मार्गाने पायी फिरून अंतर मोजले आणि एका निवृत्त शाखा अभियंत्याशी बोलून त्यांचे म्हणणे नावानिशी छापले. दुसऱ्या दैनिकाच्या वार्ताहराला सकाळी दहा वाजता कचेरीतून फोन येतो की, ही बातमी उद्या आपल्याकडे हवी.

त्याने प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे मूळ बातमी हाती पेन्सिल घेऊन वाचणे आणि तिच्यातील मजकुराची वाटणी करणे. योजना केव्हा मंजूर झाली, ठेका किती रकमेचा होता, या गोष्टी सार्वजनिक दप्तरात आहेत. त्या तेथून तपासून घेतल्या तर त्यांसाठी कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. मात्र तपासून घेतल्या तरच. मूळ बातमीतील आकडा तसाच उतरवला आणि तो तेथेच चुकलेला असला, तर ती चूक चोरीची साक्ष देते. मोजमाप पुस्तकातील 12 आणि जमिनीवरील 7 हे दोन आकडे पहिल्या वार्ताहराचे आहेत. पाच किलोमीटरचा फरक आणि त्यावरून काढलेली रक्कम हा त्याचा हिशेब आहे. निवृत्त अभियंत्याचे उद्गार हे त्या अभियंत्याचे असले तरी ते उच्चारले गेले आहेत त्या दैनिकापाशी. आणि शेवटी शब्द, उपमा, मथळ्यातील कल्पना; त्या सर्वस्वी त्याच्या.

यांपैकी एका दिवसात स्वतः काय मिळवता येईल? कार्यकारी अभियंत्यांची प्रतिक्रिया मिळेल, ठेकेदाराला विचारता येईल, गावात जाता येईल. मोजमाप पुस्तक त्याच दिवशी पाहावयास मिळण्याची शक्यता कमी. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज केला तर उत्तरासाठी सामान्यतः 30 दिवसांची मुदत असते. तेव्हा पहिल्या दिवशीची बातमी उसनी राहणारच, आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. ‘योजनेतील पाच किलोमीटर जलवाहिनी गायब असल्याचे उघडकीस आले आहे’ हे वाक्य बाहेरून निर्दोष दिसते. पण उघडकीस कोणी आणले हे ते लपवते. ‘मोजमाप पुस्तकात 12 किलोमीटरची नोंद असताना प्रत्यक्षात सातच किलोमीटर वाहिनी असल्याचे वृत्त अमुक दैनिकाने मंगळवारी दिले. यासंबंधी विचारले असता कार्यकारी अभियंत्यांनी चौकशी सुरू केल्याचे सांगितले’, असे लिहिले तर वाचकाला दोन्ही गोष्टी कळतात: आरोप कोणाचा, आणि या दैनिकाने स्वतः काय विचारले.

नामनिर्देश पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात हवा आणि तो नावाने हवा. ‘एका स्थानिक दैनिकाने’, ‘काही वृत्तपत्रांत आलेल्या बातम्यांनुसार’ असे शब्द वापरण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या अंकात येऊ नये यासाठीची ही युक्ती आहे, आणि तिने श्रेय दिल्यासारखे दिसून प्रत्यक्षात काहीच दिले जात नाही. वाचकाला मूळ बातमी शोधायची असेल तर ‘एक स्थानिक दैनिक’ तो कोठे शोधणार?

याहूनही जुनी खोड म्हणजे ‘आमच्या वार्ताहराकडून’ ही ओळ. गावाचे नाव, तारीख आणि त्यापुढे ही ओळ छापली की आपला माणूस त्या गावी गेला होता असे वाचक समजतो. कोणी गेले नसताना, कचेरीत बसून दुसऱ्याचा अंक समोर ठेवून लिहिलेल्या बातमीवर ती ओळ टाकणे हेच होम्स यांना खटकलेले न बोललेले असत्य होय. बातमीतील प्रत्येक शब्द नवा असला तरी ही एक ओळ तिला खोटी करते.

उद्गारांच्या बाबतीत चूक सर्वांत लवकर पकडली जाते. निवृत्त अभियंत्याचे वाक्य ‘ते म्हणाले’ एवढ्यावर छापले, तर ते या दैनिकाशी बोलले असा अर्थ होतो. त्यांना स्वतः दूरध्वनी करून पुन्हा विचारावे हे उत्तम. बहुधा ते त्याच अर्थाचे पण निराळ्या शब्दांत बोलतील, आणि कधी कधी मूळ बातमीत न आलेली एखादी गोष्टही सांगतील. संपर्क झाला नाही तर ‘अमुक दैनिकाशी बोलताना ते म्हणाले’ असे लिहावे. माणसे एकच वाक्य दोन वेळा अक्षरशः तसेच बोलत नाहीत. त्यामुळे दोन पत्रांत उद्गार जुळले, की उचलेगिरी ओळखू पाहणारा संपादक तेथेच थांबतो. उदाहरणांचा तोच क्रम, आकड्यांची तीच गोळाबेरीज, गावाच्या नावातील तीच चूक, याही खुणा आहेत. पण जुळलेल्या उद्गारांइतकी पक्की खूण दुसरी नाही.

मराठी वृत्तपत्रांना या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती भाषांतराची. इंग्रजी पत्रातील शोधबातमी मराठीत आणली म्हणजे नवी बातमी तयार झाली, असे काही ठिकाणी गृहीत धरले जाते. भाषा बदलल्याने चौकशी झाली असे होत नाही. उलट दिशेनेही हेच घडते, आणि त्यात होणारा अन्याय अधिक बोचणारा असतो. तालुक्याच्या वार्ताहराने महिनाभर खपून दिलेली बातमी मोठ्या शहरातील इंग्रजी पत्रात किंवा दूरचित्रवाणीवर त्याच्या नावाशिवाय जाते. मग वृत्तसंस्था ती त्या मोठ्या पत्राच्या हवाल्याने उचलते, आणि तिसऱ्या हातात जाईपर्यंत मूळ दैनिकाचे नाव पुसले जाऊन मोठ्या पत्राचे नाव श्रेयाच्या जागी बसते. ठेकेदाराची नोटीस मात्र तालुक्याच्या पत्त्यावरच येते. म्हणून हवाला देताना, ज्याच्याकडून आपण घेतले त्याच्यावर न थांबता, त्याने कोणाकडून घेतले हे पाहण्याची सवय हवी. बहुतेक वेळा त्याला दोन-तीन दूरध्वनींपेक्षा अधिक श्रम पडत नाहीत.

श्रेयनिर्देशाने वाचकाचा काय लाभ होतो हे बोफोर्स प्रकरणाच्या बातम्यांचा क्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते. 16 एप्रिल 1987 रोजी स्वीडिश रेडिओने असे प्रसारित केले की भारताबरोबर 1986 साली झालेला तोफांचा करार मिळवण्यासाठी कंपनीने लाच दिली. भारतीय वृत्तपत्रांपाशी त्या क्षणी स्वतःचा पुरावा नव्हता. ‘स्वीडिश रेडिओने म्हटले आहे’ हे शब्द तेव्हा वाचकाला बातमीचे वजन सांगत होते: एका परदेशी प्रसारण संस्थेचे हे विधान आहे, यापलीकडे अजून काही हाती नाही. जूनमध्ये स्वीडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण खात्याच्या अहवालाने रकमा दिल्या गेल्याचे सांगितले, तेव्हा हवाला बदलला आणि वजनही बदलले. पुढे 1988 पासून ‘द हिंदू’मध्ये चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी मिळवलेली कागदपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. हा पाठपुरावा कसा असावा याचा नमुना आहे. सुगावा दुसऱ्याचा होता, तो कोणाचा हे लपवलेले नव्हते, आणि त्यावर उभी केलेली बातमी मात्र स्वतःच्या कागदांवर उभी होती. हे तीन टप्पे जर प्रत्येक वेळी ‘असे समजते’ या एकाच शब्दप्रयोगाने छापले गेले असते, तर आरोप, अहवाल आणि कागद यांतील अंतर वाचकाला कळलेच नसते. दहा पत्रांनी एकाच मुळावरून हवाला न देता लिहिले की दहा साक्षीदार उभे राहिल्याचा भास होतो. साक्षीदार प्रत्यक्षात एकच असतो.

श्रेय दिल्याने न होणाऱ्या गोष्टीही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पानभर मजकूर जसाच्या तसा घेऊन खाली नाव टाकले, तर ती परवानगीविना केलेली नक्कलच राहते. नामनिर्देश हा परवाना नव्हे. तसेच बदनामीच्या कायद्यात दुसऱ्याचा आरोप पुन्हा छापणारा हाही प्रकाशकच समजला जातो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी या बाबतीतले तत्त्व बदललेले नाही. ‘अमुक दैनिकाने तसे म्हटले होते’ हे सांगून सुटका होईलच असे नाही. म्हणून पाणीयोजनेच्या उदाहरणात ठेकेदाराला विचारणे हे दुसऱ्या वार्ताहराचे स्वतःचे काम आहे. पहिल्याने विचारले होते म्हणून ते चुकत नाही.

कधी असेही होते की दुसरे दैनिक त्याच प्रकरणावर आधीपासून काम करीत असते आणि पहिल्याने बाजी मारलेली असते. मग स्वतः मिळवलेल्या कागदांवर आपली बातमी आपल्या नावाने देण्यास काहीच हरकत नाही. ‘हे प्रकरण सर्वप्रथम अमुक दैनिकाने मंगळवारी प्रसिद्ध केले’ एवढे एक वाक्य त्यात असावे. अशा प्रसंगी टिपणवही फार उपयोगी पडते. कोणत्या तारखेला कोणाला भेटलो, अर्ज केव्हा दिला, कागद केव्हा पाहिला, हे तारखांसह लिहिलेले असेल तर उचलल्याचा आरोप एका दुपारी निकालात निघतो. नसेल तर खरे असूनही सांगता येत नाही.

उलट स्वतंत्र पडताळणीत मूळ बातमीच चुकीची निघाली तर? समजा, दुसरा वार्ताहर गावात गेला आणि त्याला असे आढळले की उरलेली वाहिनी दुसऱ्या वाडीकडे वळवली आहे, म्हणून ती मूळ मार्गावर दिसली नाही. तेव्हा मूळ दैनिकाचे नाव घेऊनच ही दुरुस्ती द्यावी, आणि देण्यापूर्वी त्या दैनिकालाही विचारावे. पहिल्या दिवशी हवाला देऊन छापलेले असेल तर दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती सरळ जाते: ‘अमुक दैनिकाच्या हवाल्याने काल दिलेल्या वृत्तातील अंतराचा आकडा प्रत्यक्ष पाहणीत वेगळा आढळला.’ पहिल्या दिवशी तेच ‘आमच्या वार्ताहराकडून’ म्हणून छापले असेल, तर आज कोणाचा आकडा चुकला असे लिहावयाचे, हे वृत्तसंपादकाला ठरवणे कठीण जाते.